नकाराच्या मेलला उत्तर

नकाराचा मेल चार ओळींचा असतो. वेळ दिल्याबद्दल आभार, या पदासाठी दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली आहे, पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा. तो वाचला की माणूस फोन खिशात टाकतो आणि ती कंपनी मनातून वजा करतो. चाकणच्या एका कारखान्यात मी बारा वर्षं गुणवत्ता विभागाचा प्रमुख होतो. गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. माझ्या विभागात कोणाला घ्यायचं हे शेवटी मी ठरवायचो, त्यामुळे कोणाला घ्यायचं नाही हेही मीच ठरवायचो. त्या काळात शे-दोनशे मुलामुलींना तरी मी नकार दिला असेल. त्यावर मला उलट पत्र लिहिणारे दहासुद्धा नसतील. त्यांतल्या एका मुलीला त्या पत्रामुळे आमच्याच कंपनीत दुसरी जागा मिळाली. ते पत्र कसं होतं आणि ते आल्यावर कंपनीच्या आत काय काय घडलं, हे मी जवळून पाहिलं आहे.

आधी नकार म्हणजे नेमकं काय, ते सांगतो. मोठ्या कंपनीत 'भरती चालू आहे' असं मोघम काही नसतं. प्रत्येक रिकाम्या जागेला वरिष्ठांची मंजुरी घ्यावी लागते आणि मंजुरी मिळाली की त्या जागेला एक क्रमांक पडतो. अर्ज त्या क्रमांकावर येतात, मुलाखती त्या क्रमांकाखाली नोंदल्या जातात आणि एकाची निवड झाली की एचआरमधलं कोणीतरी उरलेल्या सगळ्यांच्या नावापुढे कारणाच्या यादीतलं एक कारण निवडून बटण दाबतं. तुम्हाला येणारा मेल हा त्या बटणाचा. म्हणजे नकार त्या क्रमांकाच्या जागेपुरता असतो. त्याच कंपनीच्या दुसऱ्या क्रमांकाच्या जागेसाठी तुमचा कोणी विचार केलेला नसतो आणि तुम्हाला नाकारलेलंही नसतं. तिथला प्रमुख वेगळा, त्याच्यासमोर आलेले अर्ज वेगळे. माझ्या विभागात दुसऱ्या क्रमांकावर राहिलेला चांगला मुलगा शेजारच्या विभागाला हवा असू शकतो, पण त्या दोन विभागांना ते कळायला काही वाटच नसते. एचआरने दोन्हीकडे लक्ष ठेवावं अशी अपेक्षा असते. पण एकेका माणसाच्या हातात वीस-पंचवीस जागा असताना ते होत नाही.

आता त्या मुलीची गोष्ट. सप्लायर क्वालिटी इंजिनीअरची एक जागा आमच्याकडे निघाली होती. या माणसाने आम्हाला माल पुरवणाऱ्या कारखान्यांत जायचं, त्यांच्या कामाच्या पद्धतीचं ऑडिट करायचं आणि खराब माल आला तर त्यांच्याकडून सुधारणा करून घ्यायची. ती साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये चार वर्षं काम करत होती, पण तिथे कारखान्याच्या आतली गुणवत्ता बघत होती. मुलाखतीत मी तिला एखादा अवघड प्रश्न कसा सोडवला ते विचारलं. तिने कागद मागून घेतला आणि आकृती काढली. त्यांच्याकडे शाफ्टचं ग्राइंडिंग होत असे आणि शंभरातले सहा-सात शाफ्ट मापापेक्षा जाड निघायचे, ते पुन्हा मशीनवर चढवावे लागायचे. सगळे ऑपरेटरला दोष देत होते. तिने ओळीने साठ शाफ्टची मापं घेऊन आलेख काढला. चाळिसाव्या नगापर्यंत माप स्थिर होतं, तिथून ते हळूहळू वर सरकत होतं. ग्राइंडिंग व्हील झिजत होतं आणि त्याचं ड्रेसिंग, म्हणजे व्हीलला पुन्हा धार देणं, साठ नगांनंतर व्हायचं. तिने ते पस्तीस नगांनंतर करायला लावलं. परत चढवायचे शाफ्ट शंभरात दोनवर आले.

मला ते फार आवडलं. तरीही मी तिला घेतलं नाही. त्या जागेवरच्या माणसाला दुसऱ्याच आठवड्यापासून एकट्याने पुरवठादारांकडे जायचं होतं आणि ऑडिटचा तिला काहीच अनुभव नव्हता. दुसऱ्या एका उमेदवाराला तो पाच वर्षांचा होता. गुरुवारी मुलाखत झाली, सोमवारी तिला नकाराचा मेल गेला. मंगळवारी संध्याकाळी मला तिचा मेल आला, एचआरच्या मॅडमना प्रत लावून. मूळ इंग्रजीत होता, आमच्याकडे सगळा पत्रव्यवहार इंग्रजीतच चालायचा. मराठीत त्याचा आशय असा:

'नमस्कार सर. सप्लायर क्वालिटीच्या जागेसाठी माझी निवड झाली नाही, हे काल कळलं. गुरुवारी तुम्ही मला पाऊण तास दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. पुरवठादाराचा माल नाकारण्याआधी त्याचं मोजमापाचं साधन तपासावं, हे तुम्ही सांगितलेलं मी आमच्या शॉपमध्ये वापरायला सुरुवात केली आहे. या जागेला ऑडिटचा अनुभव आवश्यक होता आणि तो माझ्याकडे नाही, हे मला मुलाखतीतच जाणवलं.

तुमच्या कंपनीच्या रांजणगावच्या प्लांटमध्ये इन-प्रोसेस क्वालिटी इंजिनीअरची जागा आहे (क्रमांक खाली दिला आहे). त्या कामाला मशीनवरच्या मापांचे आलेख वाचणं आणि रीवर्क कमी करणं अपेक्षित आहे. ग्राइंडिंगचं जे उदाहरण मी तुम्हाला काढून दाखवलं, ते याच प्रकारचं काम होतं आणि गेली चार वर्षं मी तेच करते आहे. तुम्हाला योग्य वाटलं तर तिथल्या प्रमुखांकडे माझं नाव पाठवाल का? त्या जागेसाठी पोर्टलवर अर्ज आजच केला आहे. नोटीस पिरियड ६० दिवसांचा आहे, रांजणगावला राहायला येण्याची तयारी आहे. सीव्ही सोबत जोडला आहे.'

एवढंच. मी ते दोनदा वाचलं. मग वर दोन ओळी लिहिल्या: 'हिला मी मागच्या आठवड्यात भेटलो. ऑडिटसाठी कच्ची होती, तुमच्या कामासाठी चांगली वाटते, ग्राइंडिंगचं उदाहरण जरूर विचारा.' आणि मेल रांजणगावच्या प्रमुखांना पुढे पाठवला. मला दोन मिनिटं लागली. सगळं त्या दोन मिनिटांतच होतं. माझ्याऐवजी विचार करण्याचं काम तिने आधीच करून ठेवलं होतं. जागा कुठली, ती तिला का जमेल, मी स्वतः पाहिलेला पुरावा कोणता, अडचणीच्या गोष्टी कुठल्या, हे सगळं त्यात होतं. मला फक्त माझा शब्द जोडायचा होता. असं पत्र लिहिताना समोर दोन वाचक धरावेत: एक तुम्हाला भेटलेला आणि एक न भेटलेला. पहिला ते जसंच्या तसं दुसऱ्याकडे पाठवू शकला पाहिजे.

त्याच काळात आलेलं दुसरं पत्रही लक्षात राहिलं आहे. लिहिणारा मुलगा हुशार होता. त्याने लिहिलं होतं की नकाराने त्याला धक्का बसला, मुलाखत चांगली झाली होती, नेमकं काय कमी पडलं ते सांगावं, आणि कंपनीत कुठलीही जागा असली तरी चालेल, त्याला नोकरीची फार गरज आहे. ते वाचून वाईट वाटलं. पण मी करणार काय? 'कुठलीही जागा' म्हटल्यावर सगळ्या मंजूर जागा बघून त्याला कुठे बसवता येईल हे मी शोधायचं, आणि शोधल्यावर त्या प्रमुखाला काय सांगायचं? याला गरज आहे, एवढंच? गरज ही खरी गोष्ट असते, पण दुसऱ्या विभागाच्या प्रमुखाला ती वापरता येत नाही. शिवाय 'काय कमी पडलं' हा प्रश्न पत्रात आला की मी ते एचआरकडे वळवायचो, कारण नाकारण्याची कारणं उमेदवाराला लेखी द्यायची नाहीत अशी आम्हाला सूचना होती. अनेक कंपन्यांत ती असते. एका मुलाला दिलेलं कारण वादाचा विषय होतो, हा त्यामागचा अनुभव. त्या एका वाक्यामुळे त्याचं सगळं पत्र भलत्याच टेबलावर गेलं. त्या मुलाला तेव्हा दोन ओळींचं तरी उत्तर मी द्यायला हवं होतं, ते दिलं नाही.

आभाराबद्दल थोडं. आपल्याकडे नकारानंतर आभार मानणं अनेकांना कमीपणाचं वाटतं. नाकारलं त्याला वर आणि धन्यवाद कशाला, असं घरातले वडीलधारेही म्हणतात. काही जण याउलट एवढे आभार मानतात की पत्र विनवणीसारखं वाटू लागतं: आपला अमूल्य वेळ, माझं परमभाग्य, आपल्या मार्गदर्शनाचा ऋणी. दोन्हींत एकच उणीव आहे, मुलाखतीत काय घडलं त्याचा पत्ता त्यात नसतो. त्या मुलीने मोजमापाच्या साधनाची गोष्ट लिहिली, तेव्हा मला तो पाऊण तास पुन्हा दिसला. मुलाखतीनंतर आठवडाभरात मी आणखी सहा जणांना भेटलेलो असायचो, चेहरे एकमेकांत मिसळायचे. तिच्या त्या एका वाक्याने कागदावरचा तो आलेख माझ्यासमोर परत आला. आभार मानताना एखादी अशी गोष्ट सांगायला हवी, जी फक्त त्या खोलीत बसलेल्यांनाच माहीत असेल. त्यासाठी मुलाखतीहून परतताना बसमध्येच चार ओळी टिपून ठेवाव्यात: कोण होतं, कशावर बोलणं रंगलं, कुठे अडखळलो. नकार येईपर्यंत यातलं निम्मं विसरलेलं असतं.

दुसरी जागा निवडणं हे या सगळ्यातलं अवघड काम आहे आणि त्यावर लोक सगळ्यात कमी वेळ घालवतात. कंपनीच्या करिअर पानावरची जाहिरात उघडावी आणि त्यात मागितलेल्या गोष्टींतल्या आवश्यक कुठल्या आणि असल्या तर बरं अशा कुठल्या, हे वेगळं करावं. जाहिरातीत पहिल्या तीन-चार ओळींत जे येतं ते बहुधा आवश्यक असतं. त्यातल्या प्रत्येक गोष्टीसमोर आपण केलेलं एकेक काम लिहून बघावं. एखादी ओळ रिकामी राहिली तर हरकत नाही, दोन राहिल्या तर ती जागा सोडावी. आणि पहिल्या जागेला ज्या कारणाने अडलो तेच कारण दुसऱ्या जागेलाही लागू होत नाही ना, हे पाहावं. त्या मुलीने आमच्याच चाकण प्लांटमधली सप्लायर क्वालिटीची धाकटी जागा मागितली असती तर मी पुढे पाठवू शकलो नसतो. ऑडिटचा अनुभव तिथेही लागत होता.

पायरी खालची जागा मागताना जास्त जपावं. प्रमुखाला लगेच शंका येते, हा माणूस तात्पुरता टेकतोय, वर्षभरात जाईल. खरंच ती जागा हवी असेल तर कारण एका वाक्यात सांगावं: प्रॉडक्शनमधून क्वालिटीत यायचं आहे म्हणून सुरुवात इथून करायची आहे, किंवा घरच्या कारणाने पुण्यातच राहायचं आहे. कारण सांगितलं नाही तर वाचणारा स्वतःचं एक कारण तयार करतो. एकाच आठवड्यात तीन-चार वेगवेगळ्या कामांच्या जागांसाठी अर्ज टाकणंही अंगाशी येतं. एचआरच्या पडद्यावर तुमच्या नावाखाली त्या कंपनीतले तुमचे सगळे अर्ज एकाखाली एक दिसतात. अकाउंट्स, स्टोअर्स, क्वालिटी असे तिन्ही दिसले की यापैकी खरं काय, असा प्रश्न पडतो.

पत्र कोणाला लिहायचं? तुमची मुलाखत ज्याने घेतली आणि निवडीचा निर्णय ज्याचा होता, त्याला. त्याचा पत्ता बहुतेक वेळा मुलाखतीच्या निमंत्रणातच असतो, ऑनलाइन मुलाखत असेल तर नक्कीच. एचआरला प्रत लावावी, त्यांना वगळू नये. आपल्याला डावलून परस्पर काही चाललं आहे असं त्यांना वाटलं तर पुढची कागदपत्रं तिथेच रेंगाळतात. पत्ता नसेल तर एचआरच्याच मेलवर उत्तर देऊन 'हे सरांपर्यंत पोहोचवाल का' असं विचारावं. नकाराचा मेल नो-रिप्लाय पत्त्यावरून आला असेल तर त्याला दिलेलं उत्तर कोणी वाचत नाही. मुलाखतीची वेळ ज्यांनी ठरवली त्यांचा जुना मेल शोधून त्यावर लिहावं. व्हॉट्सॲपवर रात्री संदेश टाकू नये, नंबर मुलाखतीच्या वेळी मिळालेला असला तरी. वेळेचं म्हणाल तर नकार आल्यावर त्याच तासात लिहिलेलं पत्र रागाने किंवा घाईने भरलेलं असतं आणि दहा दिवसांनी लिहिलेलं पत्र अनोळखी माणसाचं वाटतं. एक रात्र जाऊ द्यावी, दुसऱ्या दिवशी लिहावं. रांजणगावची जागा आणखी आठवड्याने बंद होणार होती, हे तिला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं.

पत्राने अर्ज होत नाही, हेही सांगायला हवं. पोर्टलवर त्या क्रमांकासाठी रीतसर अर्ज नसेल तर प्रमुखाची इच्छा असूनही मुलाखत लावता येत नाही, कारण नोंद कशाखाली करायची हा प्रश्न येतो. तिने अर्ज आधी केला आणि मग पत्रात तसं लिहिलं, तो क्रम बरोबर होता. काही कंपन्यांत नाकारल्यावर ठरावीक महिने, अनेकदा सहा, पुन्हा अर्ज घेत नाहीत. हा नियम कधी सगळ्या जागांना असतो, कधी फक्त त्याच प्रकारच्या कामाला किंवा लेखी परीक्षेत नापास झालेल्यांना. पोर्टलने अर्ज अडवला तर एचआरला सरळ विचारावं की हा नियम दुसऱ्या प्रकारच्या जागेलाही आहे का. आमच्याकडे प्रमुखाने नाव पाठवलं तर तो बाजूला ठेवता यायचा.

जिथे हे पत्र चालत नाही अशाही जागा आहेत. तुम्ही एखाद्या प्लेसमेंट कन्सल्टंटमार्फत गेला असाल तर कंपनीशी त्यांचा करार असतो. त्यांनी पाठवलेला उमेदवार पुढे काही महिने दुसऱ्या कुठल्याही जागेवर लागला तरी त्यांची फी द्यावी लागते, असं कलम त्यात सर्रास असतं. परस्पर लिहिलंत तर फीचा वाद होतो आणि वाद नको म्हणून कंपनी तुम्हालाच बाजूला ठेवते. तेव्हा पत्र कन्सल्टंटला लिहावं, तेही त्याच नेमकेपणाने, आणि पुढे पाठवायला सांगावं. सरकारी भरतीत तर हा मार्गच नाही. तिथे जाहिरात, गुण आणि प्रतीक्षा यादी चालते, अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्राचं तिथे काही होत नाही आणि होऊही नये. कागदपत्रांत तफावत निघाली म्हणून नकार आला असेल तर ती आधी निस्तरायला हवी, कारण तो शेरा कुठल्याही जागेला तुमच्या मागोमाग येतो.

आणखी एक गोष्ट मी तिकडच्या खुर्चीत बसून शिकलो. आपल्याकडे नोटीस पिरियड साठ दिवसांचे, आयटीत तर सर्रास नव्वद दिवसांचे असतात. ऑफर स्वीकारलेला उमेदवार तेवढ्या काळात दुसरी ऑफर घेऊन येतोच असं नाही, पण पुष्कळदा येत नाही हेही खरं. अशा वेळी प्रमुख आपल्या यादीतलं दुसरं नाव आठवायला लागतो. ज्याने व्यवस्थित पत्र लिहिलं आहे त्याचं नाव आधी आठवतं. म्हणून दुसरी जागा मागताना पहिल्या जागेचं दार आपण होऊन बंद करू नये. 'ती जागा खरं तर माझ्यासाठी नव्हतीच' असं लिहिणारे मी पाहिले आहेत. समजूतदारपणा दाखवायला लिहितात, पण मुलाखतीत मग काय सांगत होता, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडतो.

पत्र गेल्यावर आठ-दहा दिवस थांबावं. उत्तर नाही आलं तर त्याच मेलच्या साखळीत एकदा दोन ओळींत विचारावं. त्यानंतर विचारू नये. माझ्या त्या मुलीने एकदाही विचारलं नाही, कारण पाचव्या दिवशी रांजणगावहून तिला फोन आला. आमच्याकडे तीन राउंड असायचे. तांत्रिक राउंडचे माझे शेरे नोंदीत असल्यामुळे तिथल्या प्रमुखांनी तो वगळला, पण शॉप फ्लोअरवर तिला तासभर उभं केलं आणि चालू मशीनचा आलेख वाचायला दिला. पगाराच्या बोलण्यात पंधरा दिवस गेले. अपेक्षेपेक्षा थोडा कमी मिळाला, तिने तो घेतला.

ऑफर लेटर आल्याच्या दिवशी तिचा मला मेल आला, पहिल्याच साखळीत. रांजणगावला रुजू व्हायची तारीख, आणि खाली: 'तुम्ही ग्राइंडिंगबद्दल विचारायला सांगितलं होतं, त्यांनी खरंच विचारलं.'